सक्सेस क्रायटेरिया आणि केपीआय यांत फरक काय?

प्रश्न: बेळगावात उद्यमबागेत आमची फौंड्री आहे. रिजेक्शन कमी करायचा प्रोजेक्ट सुरू होतोय. सक्सेस क्रायटेरिया आणि केपीआय वेगवेगळे लिहून मागितलेत. दोन्ही एकच ना?

उत्तर: नाही. क्रायटेरिया प्रोजेक्ट संपताना ‘जमलं की नाही’ एवढंच ठरवतो. केपीआय काम चालू असताना गाडी कुठं चाललीय ते सांगतो.

समजा, आज रिजेक्शन 8 टक्के आहे. मग क्रायटेरिया असा लिहा: ‘सहाव्या महिन्याअखेर, सलग तीन महिने रिजेक्शन 4 टक्क्यांच्या आत.’ टक्के वजनावर की नगांवर, आणि गिऱ्हाइकाकडं मशिनिंगमध्ये निघालेले ब्लोहोल त्यात धरायचे की नाही, हेही आत्ताच लिहून मालकांची सही घ्या. भांडणं इथंच होतात.

केपीआयमध्ये मात्र नुसतं महिन्याचं रिजेक्शन ठेवू नका; ते कळेपर्यंत माल बिघडलेला असतो. वाळूतला ओलावा दर दोन तासांनी मोजा. ग्रीन सँडला साधारण 3 ते 4 टक्के चालतो, तुमच्या वाळूप्रमाणं हद्द ठरवा. तो वाढला की ब्लोहोल वाढतात, म्हणून इशारा त्याच पाळीत मिळतो. जोडीला दर आठवड्याला दोषवार रिजेक्शन पाहा. ओलावा हद्दीत असूनही ब्लोहोल घटत नसतील, तर केपीआय चुकीचा निवडलाय. तो बदला, क्रायटेरियाला हात लावू नका.