सहलीसाठी मुदत ठेव मोडू का?

प्रश्न: मी निवृत्त आहे, पेन्शनवर राहते. दोन्ही मुली नोकरीला, वेगवेगळ्या गावांत. थोरलीचा पगार धाकटीच्या साधारण दुप्पट आहे. पाच महिन्यांनी तिघींनी सात दिवस एकत्र जायचं ठरतंय. मुलींना दोन शहरं आणि भरपूर खरेदी हवी आहे, मला जरा निवांतपणा. सगळा खर्च मीच करावा असं वाटतं, पण त्यासाठी दीड वर्ष मुदत बाकी असलेली ठेव मोडावी लागेल. पाच महिन्यांची शिल्लक साठवली तर खर्चाचा तिसरा हिस्सा निघेल. काय करू?

उत्तर: ठेव मोडू नका. मुदतीआधी मोडली की व्याज घटतं, पण खरी अडचण पुढची आहे. पेन्शनमधून तेवढी रक्कम पुन्हा उभी करायला तुम्हाला वर्षं लागतील, आणि मधेच दुखणं निघालं तर हात पसरावे लागतील ते याच मुलींपुढे.

तुमच्याकडे तिसरा हिस्सा जमतोय, तो पुरेसा आहे. प्रवास, मुक्काम, जेवण आणि तिघींनी मिळून करायच्या गोष्टी, एवढाच सामाईक खर्च धरा आणि त्याचे 100 भाग करा. त्यातले 28 तुम्ही द्या. उरलेले 72 मुलींनी पगाराच्या प्रमाणात, म्हणजे थोरलीने 48 आणि धाकटीने 24. समान वाटणी दिसायला सरळ, पण तिचा ताण धाकटीलाच बसेल आणि मग ती प्रत्येक ठिकाणी मेन्यूकार्डाची उजवी बाजू आधी वाचेल. तिचा हिस्सा तुम्ही गुपचूप भरायचा विचार करत असाल तर तो सोडा. अशी गुपितं सहलीतच फुटतात.

तुमच्या 28 भागांतून जेवणं आणि एकत्र करायच्या गोष्टी भागवा: बोटीतली फेरी, एखादा दिवसभराचा वर्ग, जे तिघींना आवडेल ते. मुलींना काहीतरी आपल्या हाताने द्यायची तुमची हौसही त्यात भागेल. तिसऱ्या हिश्शातले जे पाचेक भाग उरतील, ते तुमच्या स्वतःच्या खरेदीला.

खरेदी मात्र सामाईक पैशांत अजिबात घालू नका. जिची पिशवी, तिचा खर्च. भेट म्हणून काही घेतलंत तर घेतलंत, पण ‘आत्ता तू भर, मी नंतर देते’ हे नको. बाजाराला दुसरा दिवस द्या. सगळे शेवटचा दिवस ठेवतात, पण लवकर घेतलेला कपडा बसला नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून आणता येतो. शिवाय तिघींनी सकाळभरच बरोबर फिरावं. दुपारी तुम्ही खोलीवर परत या, मुलींना हुंदडू दे. तीन माणसांनी आठ तास एकमेकींच्या मागे दुकानं पालथी घालणं यात ना विश्रांती, ना सहवास.

दोन शहरांचा बेत मला महाग वाटतो, तिकिटापेक्षा वेळेच्या हिशेबाने. सात दिवसांतला पहिला आणि शेवटचा प्रवासात जातो. मधे मुक्काम हलवला की सकाळी आवराआवर, दुपारपर्यंत खोलीची वाट, असा आणखी एक दिवस जातो. हाती उरतात चार. एकाच ठिकाणी राहिलात तर पाच, आणि मधल्या प्रवासाचे पैसे वाचतात. ते दुसऱ्या खोलीला लावा. तिघींची एक खोली स्वस्त पडते खरी, पण मुली रात्री एकपर्यंत गप्पा मारणार आणि तुम्ही पहाटे उठणार.

आता बुकिंग. समजा, रद्द केल्यास पैसे परत न मिळणारी खोली 15 टक्के स्वस्त आहे. सहल बारगळण्याची शक्यता 15 टक्क्यांहून कमी असेल तरच ती परवडते. एकेकीला अडचण येण्याची शक्यता फक्त 6 टक्के धरली, तरी तिघींपैकी कुणातरी एकीला येण्याची शक्यता जवळपास 17 टक्के होते. तेव्हा थोडे जास्त भरून रद्द करता येणारी खोली घ्या. मुलींच्या रजा लेखी मंजूर होईपर्यंत विमानाचं किंवा गाडीचं परत न मिळणारं तिकीटही काढू नका.

प्रवास विमा घेताना तुमचा रक्तदाब, साखर, जे काही असेल ते अर्जात लिहा. मुली घाईघाईत ‘काही नाही’ वर खूण करतात आणि नेमक्या त्याच दुखण्याचा दावा नाकारला जातो. तो अर्ज तुम्ही स्वतः भरा.