घाबरलेल्या रुग्णाला ‘घाबरू नका’ म्हणू नका

प्रश्न: जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीव्र चिंतेतल्या रुग्णाशी उपचारात्मक संवाद यावर निबंध लिहायचाय. पुस्तकातली तंत्रं सगळेच लिहिणार, मी काय लिहू?

उत्तर: एकच प्रसंग घ्या आणि आपल्या प्रत्येक वाक्यानंतर रुग्णाचं काय झालं ते लिहा. माझा एक सांगते, चुकीसकट.

मुंबईत कॅज्युअल्टीला ड्युटी होती. संध्याकाळी लोकलमधून उतरवून तिशीतल्या एका बाईंना आणलं. छातीत धडधड, श्वास भराभर, बोटं आखडलेली, ओठांभोवती मुंग्या. ईसीजी, ऑक्सिजन, साखर सगळं नीट निघालं. (हे आधी बघायचं. तपासण्याआधीच ‘टेन्शन आहे’ म्हणून मोकळं व्हायचं नाही.) मग मी म्हटलं, “ताई, घाबरू नका, तुम्हाला काही झालेलं नाही.” त्या ओरडल्याच, “मी मरतेय आणि तुम्ही म्हणता काही नाही!” त्यावर मी विचारलं, “पण एवढं का घाबरलात?” श्वास आणखी वाढला.

रिपोर्टबद्दल मी खोटं बोलले नव्हते, पण त्यांना जे होत होतं तेच नाकारलं. आणि ‘का’ला उत्तर द्यायला विचार जुळवावा लागतो. नर्सिंगच्या सिद्धांतकार पेप्लॉबाईंनी चिंतेच्या चार पायऱ्या सांगितल्यात: सौम्य, मध्यम, तीव्र आणि पॅनिक. वर जावं तसं माणसाचं लक्ष आक्रसत जातं. पॅनिकमध्ये लांब वाक्य कानावर पडतं, आत पोचत नाही. निबंधाचा कणा हाच ठेवा: पायरी ओळखा, मग वाक्य निवडा.

आमच्या सीनियर सिस्टरनी नातेवाइकांना बाहेर बसवलं, पडदा ओढला आणि स्टूल घेऊन त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसल्या. हात धरला नाही. “मी सिस्टर आहे. तुमच्याजवळच थांबतेय.” थोडं थांबून, “खूप भीती वाटतेय ना?” बाईंनी मान हलवली. “बोटं आखडलीत ती श्वास फार भराभर चाललाय म्हणून. श्वास हळू झाला की सुटतील. माझ्याबरोबर सोडा… हळू…” श्वास घ्या, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, कारण आधीच जास्त घेतला जात होता. तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय मात्र लिहू नका. मूळ त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असला तर तो अंगाशी येतो.

वीसेक मिनिटांनी बोटं सुटली. तेव्हा कुठे सिस्टरनी मोकळा प्रश्न टाकला, “त्रास सुरू व्हायच्या आधी काय चाललं होतं?” बाई गप्प राहिल्या. सिस्टरही गप्प. मला राहवेना, मी बोलणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं. मग बाई म्हणाल्या, “गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली होती. दाराकडे जाताच येत नव्हतं.”

रुग्णाशी झालेला संवाद जसाच्या तसा लिहायचा असतो त्या प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये माझी दोन वाक्यं ‘अनुपचारात्मक’ या शेऱ्यासह तशीच लिहिली होती. तुम्हीही स्वतःची चूक खोडू नका.