फोनने टॅप केल्यावर पावतीवर भलतेच चार आकडे

प्रश्न: काल दुकानात फोन टॅप करून पैसे दिले. पावतीवर छापलेले शेवटचे चार आकडे माझ्या कार्डाचे नाहीत. दुकानदाराकडे माझा नंबर गेला का? काही फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, आणि तुमचा नंबरही दुकानात गेला नाही. ते चार आकडे टोकनचे, म्हणजे खऱ्या कार्ड नंबराऐवजी फोन देतो त्या बदली नंबराचे आहेत. पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. याच चार आकड्यांवरून माझ्यासमोर एका बाईंना खोटं ठरवलं गेलं होतं.

नाशिकला एका साडीच्या दुकानात मी काउंटर आणि हिशेब बघत होते. एक काकू ४,२०० रुपयांची साडी फोन टॅप करून घेऊन गेल्या आणि तीन दिवसांनी परत घेऊन आल्या. साडीत डाग होता, परत घेणं भागच होतं. शेठनी कार्ड मागितलं. कार्डाचा शेवट ४४१७, पावतीवर ९०६२. शेठ भर दुकानात म्हणाले, "पावती दुसऱ्या कोणाची तरी आणलीय तुम्ही." काकूंचा चेहरा मला अजून आठवतो.

मी म्हटलं, "शेठ, फोनमध्ये खरा नंबर नसतोच." त्यांना ते पटेना. मग मी काकूंना फोनमधल्या पेमेंट ॲपमध्ये त्या कार्डाचा तपशील उघडायला लावला. तिथे कार्डाचे ४४१७ होते आणि खाली आभासी खाते क्रमांकाचा शेवट ९०६२. पावती त्यांचीच होती.

आत घडतं ते असं. तुम्ही फोनमध्ये कार्ड जोडता तेव्हा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी तुमच्या कार्डाचं नेटवर्क तुमच्या बँकेची संमती घेऊन त्या फोनपुरता वेगळा नंबर, म्हणजेच टोकन, तयार करतं. तोही कार्ड नंबरासारखाच दिसतो, म्हणून दुकानातलं मशीन बदलावं लागत नाही. टॅप केल्यावर मशीनला हा नंबर आणि त्याच व्यवहारापुरता बनलेला एक सांकेतिक कोड मिळतो, त्याला क्रिप्टोग्राम म्हणतात. दोन्ही दुकानाच्या बँकेमार्फत नेटवर्ककडे जातात. नेटवर्क कोड तपासतं, आपल्या तिजोरीतून टोकनमागचा खरा नंबर काढतं आणि तुमच्या बँकेला विचारतं. होकार परत येताना पुन्हा टोकनच पुढे येतं. म्हणून दुकानाचा सगळा डेटा चोरीला गेला तरी चोराच्या हाती नुसतं टोकन लागतं. नवा कोड फक्त तुमच्या फोनमधूनच निघतो, त्यामुळे त्या टोकनने दुसरीकडे टॅप होत नाही.

साडीचे पैसेही टोकनवरूनच परत गेले. विक्रीचा दिवस उलटला होता, म्हणजे मशीनवरून व्यवहार रद्द होणार नव्हता. पावतीवरचा RRN म्हणजे त्या व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम दुकानाच्या बँकेला दिली, पैसे त्याच वाटेने उलटे काकूंच्या खात्यात गेले. कार्ड नंबराची कुठेच गरज पडली नाही.

आणि इथेच माझं शेठशी जुनं भांडण आहे. "परताव्याला लागतील" म्हणून ते वर्षानुवर्षं ग्राहकांचे पूर्ण कार्ड नंबर एका वहीत लिहून ठेवायचे, कधी एक्स्पायरीसकट. मी कितीदा सांगितलं, ही वही कपाटातून गेली तर आपण काय उत्तर देणार? रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड देणारी बँक आणि नेटवर्क सोडून व्यवहाराच्या साखळीतल्या कोणालाही असा नंबर साठवायला मनाई केली आहे. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव ठेवता येतं. शेठ म्हणत, हे ऑनलाइनवाल्यांसाठी आहे. माझं मत स्पष्ट आहे: जो दुकानदार कार्डाचा फोटो मागतो किंवा नंबर लिहून घेतो, त्याला देऊ नका, ओळखीचा असला तरी.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. प्लास्टिकचं कार्डच मशीनवर टेकवलं तर सहसा खरा नंबरच मशीनला जातो. टोकन फोनमधून टॅप करताना असतं. आणि हे सगळं ओटीपीच्या चोरीपुढे लंगडं पडतं. भामट्याने तुमचा कार्ड नंबर मिळवून, "केवायसीसाठी" म्हणत ओटीपी काढून घेतला, तर तो तुमचं कार्ड स्वतःच्या फोनमध्ये जोडू शकतो. मग ते टोकन खरंखुरं असतं, फक्त फोन त्याचा. कार्ड नव्या फोनमध्ये जोडल्याचा मेसेज आला आणि तुम्ही काही जोडलं नसेल, तर त्याच मिनिटाला बँकेला फोन करून ते टोकन आणि कार्ड दोन्ही बंद करायला सांगा.

तुमच्या पावतीसाठी आता एवढंच: ॲपमधले आभासी नंबराचे शेवटचे चार आकडे तिच्याशी जुळतात का पाहा, आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत ती जपून ठेवा. दुकानदार कार्ड दाखवा म्हणालाच, तर फोन दाखवा.