बाहेरचे कवच दूर नेताना

जळगावात बारावीच्या वह्या तपासताना एक चूक मला दरवर्षी दिसते, म्हणून आधीच सांगतो. एकाच केंद्राभोवतीच्या दोन गोलाकार वाहक कवचांच्या धारित्रात आतल्या कवचाची त्रिज्या a आणि भूसंपर्कित बाहेरच्या कवचाची b असेल, तर धारिता C = 4πε₀ab/(b−a) येते. यात b थेट अनंत ठेवलात, तर वर आणि खाली दोन्हीकडे अनंत येऊन गाडी अडते. आधी अंश व छेद b ने भागा, म्हणजे C = 4πε₀a/(1−a/b) असे रूप मिळेल आणि a/b शून्याकडे गेल्यावर एकट्या गोलाची धारिता 4πε₀a उरेल.

आता a = ९ सेंमी घ्या. b = १० सेंमी असताना धारिता १०० पिकोफॅरड भरते, b = ९० सेंमी केल्यास ११.१ आणि b = ९ मीटर केल्यास १०.१, तर एकट्या गोलाची सुमारे १० पिकोफॅरड असते. बाहेरचे कवच जवळ असताना त्याचा विरुद्ध प्रभार आतल्या गोलाचे विभव खाली ओढतो, त्यामुळे त्याच विभवाला अधिक प्रभार मावतो. कवच दूर गेले की ही ओढ क्षीण होते. प्रयोगशाळेच्या भिंतीही (त्या गोल नसल्या तरी) असेच कवच ठरतात, आणि दोन मीटरवरच्या कवचाने धारिता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते, तेव्हा मोजलेले उत्तर थोडे जास्त आल्यास उपकरणाला लगेच दोष देऊ नका.