पगार १३ लाख, मग टॅक्स किती? १५ टक्के?

"सर, मी टीवायबीकॉमला आहे. माझ्या दादाला १४ लाखांचं पॅकेज आहे. तो म्हणतो १२ लाखांच्या वर गेलं की पगारवाढ टॅक्समध्येच जाते. हे खरं का? आणि पेरोलच्या इंटरव्ह्यूत असं गणित विचारतात का?"

विचारतात, आणि मुलं पहिल्याच पायरीला घसरतात कारण ती पॅकेजवरच टॅक्स काढायला बसतात. दादाच्या १४ लाखांत कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असणार, आपण समजू की बेसिक महिना ५० हजार आहे, मग पीएफचे १२ टक्क्यांनी वर्षाला ७२ हजार आणि ग्रॅच्युइटीचे २८-२९ हजार गेले, म्हणजे ग्रॉस सॅलरी राहिली साधारण १३ लाख. गणित इथून सुरू करायचं.

आर्थिक वर्ष २०२५-२६, नवी रिजीम. १३ लाखांतून स्टँडर्ड डिडक्शनचे ७५ हजार वजा, करपात्र उत्पन्न १२,२५,०००. आता स्लॅब म्हणजे जिन्याच्या पायऱ्या समज, प्रत्येक पायरीवर जेवढी रक्कम बसते तेवढ्यावरच तिचा दर. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, आणि १५ टक्के लागतो फक्त वरच्या २५ हजारांवर, ३,७५०. झाले ६३,७५०.

आता दादाची शंका. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए ची सूट सगळा टॅक्स शून्य करते, मग फक्त २५ हजार जास्त झाले म्हणून ६३,७५० भरायचे? दादा इथपर्यंत बरोबर आहे, पण त्याच्यापुढे मार्जिनल रिलीफ आहे हे तो विसरला. १२ लाखांच्या वर जेवढं गेलं त्यापेक्षा टॅक्स जास्त घेत नाहीत, म्हणून टॅक्स २५,००० आणि त्यावर ४ टक्के सेस १,०००, एकूण २६,०००. तरी वाढलेल्या २५ हजारांतून त्याच्या हातात काहीच उरलं नाही, उलट सेसचे हजार खिशातून गेले, म्हणजे त्याची कुरकुर अगदीच खोटी नाही! करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ च्या पुढे गेलं की हा रिलीफ संपतो.

जुनी रिजीमही करून बघ, कारण इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न तोच असतो. महिना १५ हजार भाडं असेल तर वर्षाच्या १,८०,००० मधून बेसिकचे १० टक्के ६० हजार काढून एचआरएची सूट १,२०,००० (बाकीच्या दोन मर्यादा इथे जास्त येतात असं धरू), स्टँडर्ड डिडक्शन इथे ५० हजारच, प्रोफेशनल टॅक्स २,५००, ८०सी चे दीड लाख, मेडिक्लेमचे २५ हजार. एवढं सगळं वजा करून उरतात ९,५२,५०० आणि टॅक्स सेससकट १,०७,१२०. तेव्हा दादाला सांग, एचआरला रिजीम कळवताना ८०सी च्या मोहात पडू नको, आणि फॉर्म १६ आला की पार्ट बी मध्ये मार्जिनल रिलीफ धरलाय का ते बघ.