'विश्वासांतर' की 'विश्वास अंतराल'? आणि ९५ टक्के नेमके कशाचे?

*मुलीच्या बारावीच्या प्रकल्पात 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' आलंय. मराठीत 'विश्वासांतर' म्हणावं का? आणि 'खरं प्रमाण या मर्यादांत असण्याची शक्यता ९५ टक्के आहे' असं लिहिलं तर चालेल का?*

'विश्वासांतर' नको. समासाच्या शेवटी 'अंतर' आलं की मराठी कान 'दुसरा' असा अर्थ घेतो. भाषांतर, स्थलांतर, नामांतर, धर्मांतर हे सगळे शब्द तसेच आहेत. त्यांच्या रांगेत 'विश्वासांतर' बसवला तर कुणाची तरी श्रद्धा बदलली असं वाटेल. 'अंतराल' म्हणजे मात्र दोन हद्दींमधली जागा. जुन्या देवळांत गाभारा आणि मंडप यांना जोडणाऱ्या मधल्या जागेला अंतराळ म्हणतात, तो हाच शब्द. पण 'ळ' लिहिला की आज आधी यान आणि उपग्रह डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी 'ल' ठेवतो आणि 'विश्वास अंतराल' असे दोन सुटे शब्द लिहितो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही 'नाही' असंच आहे, आणि मला ते पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. समजा, अकरावी-बारावीची मिळून १२०० मुलं आहेत आणि प्रश्न आहे, 'शनिवारची शाळा सकाळची असावी का?' हजेरीपटावरच्या सगळ्या नावांच्या चिठ्ठ्या करून १०० उचलल्या. त्या मुलांपैकी ६४ जण 'हो' म्हणाले. नमुन्यातलं प्रमाण ०.६४ आलं. त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुना बदलला की हा आकडा साधारण किती हलेल याचं माप, अशी निघते:

√(०.६४ × ०.३६ ÷ १००) = ०.०४८

तिला ९५ टक्क्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या १.९६ ने गुणलं की ०.०९४, म्हणजे ९.४ टक्के येतात. तेवढे ६४ टक्क्यांच्या दोन्ही बाजूंना मोजले की ५४.६ ते ७३.४ टक्के हे विश्वास अंतराल मिळतं. (१२०० पैकी १०० हा बऱ्यापैकी मोठा हिस्सा असल्याने ते खरं तर किंचित अरुंद येईल, पण इथे ते सोडून देऊ.)

आता सगळ्या १२०० मुलांना विचारलं असतं तर जे प्रमाण निघालं असतं, ते ठरलेलं आहे. आपल्याला माहीत नसलं तरी ते हलत नाही. ते ६० टक्के आहे असं धरा. आपल्या अंतरालाने ते पकडलं. पण दुसऱ्या गटाने त्याच १२०० चिठ्ठ्यांतून वेगळ्या १०० उचलल्या आणि ७१ 'हो' आले, तर त्यांचं अंतराल ६२.१ ते ७९.९ येईल. त्यांच्या आकडेमोडीत एकही चूक नाही, तरी ६० त्यातून निसटले. असे कितीही गट बसवले, तर दर शंभरातल्या साधारण ९५ गटांची अंतरालं ६० ला कवेत घेतील. ते ९५ टक्के इथले आहेत. ते चिठ्ठ्या उचलून अंतराल काढण्याच्या रीतीचे आहेत, हाती आलेल्या दोन आकड्यांचे नाहीत.

म्हणून वाक्याचा कर्ता कोण, हे बघा. 'प्रमाण अंतरालात पडतं' म्हटलं की प्रमाणच इकडे-तिकडे हिंडतंय असं वाटतं. 'अंतराल प्रमाणाला कवेत घेतं' म्हटलं की हलणारी गोष्ट बरोबर कळते. ही संकल्पना १९३४ मध्ये नमुना पाहणीवरच्याच निबंधात मांडणारे पोलिश संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांचाही कटाक्ष हाच होता. आकडे एकदा निघाले की खरं प्रमाण त्यांच्यामध्ये असतं किंवा नसतं, मग तिथे ९५ टक्के शक्यता म्हणता येत नाही. 'विश्वासार्ह अंतराल' हा शब्दही मी याच कारणाने टाळतो, कारण त्यात विशेषण अंतरालालाच चिकटतं.

या रीतीवरचा भरवसा चिठ्ठ्यांवर उभा आहे, हेही मुलीला सांगा. संध्याकाळी सरावासाठी मैदानावर थांबलेल्या १०० मुलांनाच विचारलं, तर तेच सूत्र तितकंच नीटस अंतराल देईल, पण सकाळच्या शाळेनंतर अख्खी दुपार खेळायला मिळेल म्हणून ती मुलं 'हो'कडे झुकलेली असतील. सूत्राला तो कल दिसत नाही. आणि दहाच मुलांना विचारून दहाही 'हो' म्हणाली, तर हे सूत्र शून्य रुंदीचं अंतराल देतं, म्हणजे जणू पूर्ण खात्रीच. तिथे अमेरिकी गणिती एडविन विल्सन यांची १९२७ ची रीत वापरावी. ती साधारण ७२ ते १०० टक्के असं उत्तर देते.

प्रकल्पात मी असं लिहीन: '१०० विद्यार्थ्यांच्या यादृच्छिक नमुन्यावरून, सकाळच्या शाळेच्या बाजूने असलेल्यांच्या प्रमाणाचं ९५ टक्के विश्वास अंतराल ५४.६ ते ७३.४ टक्के असं येतं.' 'शक्यता' हा शब्द त्यात कुठेही लागत नाही.