गणपतीच्या रजेचा ऑटो रिप्लाय: तारखा, पर्यायी माणूस आणि पेमेंटचा प्रश्न

प्रश्न: पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स पेएबलला आहे. 12 ते 20 सप्टेंबर 2026 गणपतीला गावी जातेय. मागच्या वर्षी नुसतं "रजेवर आहे, आल्यावर उत्तर देईन" एवढंच ठेवलं होतं. परत आले तर वेंडरांचे साठेक मेल आणि साहेबांकडे दोन तक्रारी. पेमेंट रन 10 आणि 25 ला असतो, बिलांचा कटऑफ 18. ऑफिसला आउटलुक आहे. यंदा मेसेजमध्ये नक्की काय लिहू, आणि पर्यायी नाव कोणाचं देऊ?

उत्तर:

मी चौदा वर्षं हेच काम करतोय, आधी पर्चेसला होतो, नंतर पेएबल्सला. त्यामुळे तुमचे साठ मेल न बघताही सांगतो, त्यातल्या चाळीसेक मेलमध्ये एकच प्रश्न असणार, माझं बिल या रनमध्ये बसलं का. वेंडरला तुमच्या रजेशी काही देणंघेणं नसतं, त्याला पैशाची तारीख हवी असते. मागच्या वर्षीच्या मेसेजमध्ये नेमकी तीच नव्हती म्हणून त्याने दुसरा मेल टाकला, मग तिसरा, आणि मग साहेबांना फोन. तेव्हा मेसेज लिहिताना हे डोक्यात ठेवा, वाचून झाल्यावर समोरच्याला तिथल्या तिथे कळलं पाहिजे की आपण थांबायचं, दुसऱ्या कोणाला गाठायचं, का काहीच करायची गरज नाही.

आता तारखा. "20 पर्यंत रजेवर" एवढंच लिहिलं की अर्धे लोक समजतात 20 ला भेटतील. म्हणून रजेचा शेवटचा दिवस आणि कामावर येण्याचा दिवस दोन्ही लिहा, वारासकट. शनिवार 12 ते रविवार 20 रजा, सोमवार 21 ला कामावर. वार टाकल्यामुळे तुमचीही चूक पकडली जाते, तारीख आणि वार जुळत नसले की लगेच डोळ्यात खुपतं. पण कामावर येण्याची तारीख ही उत्तर मिळण्याची तारीख नसते आणि सगळा घोळ इथेच होतो. रविवारी परतीच्या वाटेवर घाटात काय होतं ते गणपतीला गावी जाणाऱ्याला सांगायला नको, सोमवारी अर्धा जीव गाडीतच असतो. त्यात साठ मेल, प्रत्येकाला बिल शोधून, पीओ बघून, जीआरएन झालंय का ते बघून उत्तर द्यायचं म्हणजे धरा सहा-सात मिनिटं, म्हणजे झाले सहा-सात तास, आणि रोजचं काम वेगळंच. एका दिवसात उरकत नाही. म्हणून सरळ लिहा, उत्तरं बुधवार 23 संध्याकाळपर्यंत. मंगळवारीच दिलीत तर समोरचा खूश होतो, पण सोमवार लिहून बुधवारी दिलीत तर सोमवारी दुपारपासूनच फोन सुरू होतात.

आणखी एक, 25 ला अनंत चतुर्दशी आहे. पुण्यात त्या दिवशी ऑफिसला किती जण पोचतात ते तुम्हाला माहीतच आहे. साहेबांना आत्ताच विचारून घ्या की रन 24 ला करायचा का सोमवारी 28 ला, आणि जी तारीख ठरेल तीच मेसेजमध्ये टाका. नुसतं "नेहमीप्रमाणे 25" लिहून गेलात आणि पैसे 28 ला गेले तर तुम्ही परत आल्यावरही आठवडाभर त्याचीच उत्तरं देत बसाल. छोट्या वेंडरचा जीव त्या तीन दिवसांत अडकलेला असतो, आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बाबतीत 2006 च्या कायद्याने करार असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, त्यामुळे ज्यांचे 45 दिवस 10 नंतर पण पुढच्या रनच्या आधी भरतायत त्यांची यादी काढून 10 च्या रनमध्येच घ्या. ते काही ऑटो रिप्लायवर सोडायचं काम नाही.

पर्यायी माणसाबद्दल माझाच एक किस्सा सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे. बरीच वर्षं झाली, तेव्हाच्या ऑफिसमध्ये मी गणपतीला जाताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं नाव टाकून गेलो, त्याला विचारलंच नाही, गृहीत धरलं. तोही दुसऱ्या दिवशी गावी गेला आणि त्याने पर्यायी म्हणून माझं नाव टाकलं. भोसरीचा एक फॅब्रिकेटर होता, त्याच्या बिलात पीओचा एक आकडा चुकला होता म्हणून बिल होल्डवर होतं. त्याने मला मेल केला, त्याला सहकाऱ्याचं नाव मिळालं, सहकाऱ्याला केला तर माझं नाव मिळालं. दोन्ही मेलची प्रिंट काढून तो माणूस गेटवर येऊन उभा राहिला. कामगारांचे पगार द्यायचे होते त्याला. मी आलो तेव्हा ते दोन कागद माझ्या कीबोर्डवर ठेवलेले होते, आणि ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

तेव्हापासून नाव टाकायच्या आधी मी त्या माणसाला चार गोष्टी विचारतोच. त्या दिवसांत तू आहेस का, तुझीही अर्धी रजा नाही ना, तुला सिस्टिममध्ये होल्ड काढायचा अधिकार आहे का, आणि तुझं नाव लिहिलं तर चालेल का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. नाव दिलं ज्युनियरचं, त्याला बिल नुसतं दिसतं, हलवता येत नाही, मग तो तरी काय करणार, "मॅडम आल्यावर बघतील" म्हणून वेंडरला परत तुमच्याकडेच पाठवणार. तुमच्या बाबतीत 14 ला, सोमवारी, गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणजे खरे दिवस 15 ते 18 हे चारच. त्या चार दिवसांसाठी गणपतीला गावी न जाणारा, होल्ड काढू शकणारा एक माणूस शोधा. एकच. दोन नावं दिली की दोघांनाही वाटतं दुसरा बघेल. त्याच्यासोबत टीमचा कॉमन आयडी असेल तर तोही द्या, म्हणजे तो आजारी पडला तरी मेल कोणाच्या तरी डोळ्यांखालून जाईल. फोन द्यायचा तर ऑफिसचा द्या, त्याचा मोबाईल त्याने स्वतःहून सांगितला तरच. आणि त्याच्याकडे कशासाठी जायचं तेही लिहा, नाहीतर लेजर मागणारे, टीडीएस सर्टिफिकेट मागणारे सगळेच त्याच्यावर तुटून पडतील.

बाहेरच्यांसाठीचा मेसेज मी असा लिहिला असता (रन 24 ला ठरला असं धरून):

"नमस्कार. मी शनिवार 12 ते रविवार 20 सप्टेंबर रजेवर आहे, सोमवार 21 ला कामावर येईन. या काळात मेल बघणार नाही. तुमच्या मेलला बुधवार 23 संध्याकाळपर्यंत उत्तर मिळेल.

नवीन बिलं नेहमीच्या बिलांच्या आयडीवरच पाठवा. शुक्रवार 18 पर्यंत तिथे आलेली आणि पीओ, जीआरएन जुळलेली बिलं गुरुवार 24 च्या पेमेंटमध्ये घेतली जातील, त्यासाठी मला वेगळा मेल करायची गरज नाही.

बिल होल्डवर असेल तरच माझ्या सहकाऱ्याशी बोला (इथे नाव, मेल, ऑफिसचा नंबर), मंगळवार 15 ते शुक्रवार 18, सकाळी 10 ते 5. लेजर आणि टीडीएस सर्टिफिकेटची कामं मी आल्यावर करेन. बँक खात्यातले बदल 21 नंतरच घेतले जातील."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. पैसे सोडणारी व्यक्ती जागेवर नाही हे कळलं की वेंडरच्या नावाने "आमचं खातं बदललंय, नवीन खात्यात भरा" असे खोटे मेल टाकणारे असतात, आणि नवख्या सहकाऱ्याला ते खरे वाटू शकतात. त्याच कारणाने बाहेरच्या मेसेजमध्ये गाव, प्रवास, घरचा गणपती यातलं काही लिहू नका. सहकाऱ्यालाही तोंडी सांगून ठेवा, खातं बदलायचा मेल आला तर तो तसाच ठेवायचा.

आउटलुकमध्ये Automatic replies ला दोन वेगळे मेसेज ठेवता येतात, Inside my organization आणि Outside my organization. दुसरा वेगळा चालू करावा लागतो, तो राहिला तर वेंडरांना काहीच जात नाही आणि तुम्हाला वाटतं गेलं. आतल्या लोकांसाठी तीन ओळी पुरेत, तारखा, सहकाऱ्याचं नाव, आणि अप्रूव्हल कोणाकडे जातील. तुमचं नाव To मध्ये टाकताच सहकाऱ्यांना तुमच्या मेसेजची सुरुवात वरच दिसते, म्हणून तारीख पहिल्याच ओळीत हवी, "आपल्या मेलबद्दल धन्यवाद" नंतर नको.

आउटलुक एका माणसाला हा रिप्लाय एकदाच पाठवतं. म्हणजे रजेत मध्येच तारीख बदललीत तर ज्यांना आधीचा मेसेज गेलाय त्यांना नवीन कळणार नाही. रजा वाढली तर रिप्लाय बंद करून परत चालू करा, मग सगळ्यांना नव्याने जातो. तुमच्या वेंडरांपैकी कोणी जीमेल वापरून स्वतःचा रिप्लाय लावत असेल तर तिथे वेगळं आहे, तोच माणूस परत मेल करत राहिला तर साधारण चार दिवसांनी त्याला पुन्हा जातो, आणि मजकूर बदलला तर लगेच जातो.

वेळ लावताना सुरुवात शुक्रवार 11 ला तुम्ही निघता त्या वेळेची द्या, आणि शेवट 20 च्या रात्रीचा न देता सोमवार 21 संध्याकाळचा द्या. सोमवारी तुम्ही जुने मेल उपसत असता, त्या दिवशी नव्याने मेल करणाऱ्याला बुधवारची तारीख कळलेली बरी.

"अधूनमधून मेल बघेन" हे मात्र कृपा करून लिहू नका. ते वाचून माणूस सहकाऱ्याकडे जातच नाही, तुमचीच वाट बघतो. आणि लिहिलं नाहीत तरी आरती झाल्यावर सहज फोन उघडून एका वेंडरला उत्तर दिलंत की तो दुसऱ्याला सांगतो, मॅडम उत्तर देतायत, आणि मग त्या मेसेजला काही अर्थ उरत नाही. खरंच निकड असेल तर सहकाऱ्याने तुम्हाला फोन करावा, वेंडरला उत्तर त्यानेच द्यावं.

मेसेजच्या जोडीला, 4 तारखेच्या सुमारास तुमच्या मोठ्या दहा-बारा वेंडरांना एक साधा मेल टाका, की मी 12 पासून नाही, होल्डवरचं काही असेल तर 9 पर्यंत सांगा. माझ्याकडे या एका मेलने रजेतले मेल निम्म्यावर आले. आणि 11 ला निघायच्या आधी रिप्लाय चालू करून स्वतःच्या घरच्या जीमेलवरून ऑफिसच्या आयडीला एक मेल करा, आलेलं उत्तर मोबाईलवर उघडून वेंडरच्या नजरेने वाचा, आणि त्यातल्या नंबरवर फोन लावून बघा सहकारी उचलतोय का.